गढूळ पाणी आधी निवळावे, मग निर्जंतुक करावे

पावसाळ्याच्या पहिल्या मोठ्या सरींनंतर पुण्याच्या पश्चिमेकडील डोंगरउतारांवरची माती ओढ्यांवाटे पानशेत, वरसगाव आणि खडकवासला या धरणांत उतरते. धरणाचे पाणी काही दिवस तांबूस-पिवळे दिसते. पर्वती किंवा वारजे येथील जलशुद्धीकरण केंद्रात अशा पाण्यात तुरटी किंवा तिच्याच जातीचे रसायन घालतात, गाळ खाली बसू देतात, पाणी वाळूच्या थरांतून गाळतात आणि सर्वांत शेवटी त्यात क्लोरिन मिसळतात. हा क्रम ठरलेला आहे आणि त्याला कारण आहे. टँकर, विहीर, ओढा किंवा फुटलेली जलवाहिनी यांतून आलेले गढूळ पाणी घरात साफ करायची वेळ येते, तेव्हाही क्रम हाच ठेवावा लागतो.

गढूळ पाण्यात थेट क्लोरिन घालून का भागत नाही, हे आधी पाहू. क्लोरिन जंतूंवर जसे तुटून पडते तसेच पालापाचोळ्याचा कुजलेला अंश, शेवाळ, शेणकाला अशा सेंद्रिय द्रव्यांवरही पडते. मातीसोबत हे सगळे पाण्यात आलेले असते, त्यामुळे घातलेल्या औषधाचा मोठा भाग जंतूंपर्यंत पोहोचण्याआधीच खर्ची पडतो. दुसरी अडचण अशी की मातीच्या गुठळ्यांच्या आत दडलेल्या जंतूंपर्यंत क्लोरिन पोहोचत नाही. अतिनील किरणांच्या यंत्रालाही हीच अडचण येते, कारण कणांच्या सावलीतले जंतू किरणांपासून वाचतात. म्हणून किंचित गढूळ पाण्याला क्लोरिनची मात्रा साधारण दुप्पट धरतात आणि फार गढूळ पाण्यात औषध घालण्याआधी ते निवळून घेणे आवश्यक मानतात.

घराच्या पाण्याचा गढूळपणा मोजायला यंत्र लागत नाही. दीड लिटरची पारदर्शक प्लास्टिकची बाटली पाण्याने भरून वर्तमानपत्राच्या मोठ्या मथळ्यावर उभी ठेवावी आणि तोंडातून खाली पाहावे. मथळ्याची अक्षरे वाचता आली तर गढूळपणा साधारण ३० एनटीयूच्या आत आहे. एनटीयू हे पाण्याने प्रकाश किती विखुरला जातो ते मोजण्याचे एकक आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आय.एस. १०५०० मध्ये १ एनटीयू ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालते. अक्षरे वाचता येतात म्हणजे पाणी चांगले, असा अर्थ काढू नये. अक्षरे दिसत नसतील तर क्लोरिनवर भरवसा ठेवता येत नाही, एवढेच ही चाचणी सांगते.

सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे पाणी स्थिर ठेवणे. पुण्याच्या जुन्या पाणीव्यवस्थेत त्याचा चांगला उपयोग केलेला दिसतो. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शहरात पाणी आणणारा नळ बांधला गेला. कात्रजला एकाखाली एक असे दोन तलाव आहेत. वरच्या तलावात ओढ्याचा गाळ बसावा आणि त्यातल्या त्यात निवळलेले पाणी खालच्या तलावात यावे, अशी रचना. पुढे दगडी भुयारी नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले होते. तिथे हवा सुटायची आणि वाहून आलेला गाळ साचून नंतर काढता यायचा. अशा पायऱ्यांनी आलेले पाणी काळा हौद, फडके हौद अशा पेठांतल्या हौदांत पडत असे. त्यात रसायन नव्हते, फक्त पाण्याचा वेग कमी करून वाट पाहणे होते.

नुसत्या वाट पाहण्याने कुठवर साधते, हे कणाच्या आकारावर अवलंबून असते. बादलीत पाण्याची खोली एक फूट धरली, तर एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण मिनिटाच्या आत तळाला जातो. त्याच्या दहापट लहान कणाला तासभर लागतो. एक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या, चिकणमातीच्या कणाला तेवढेच अंतर जायला चार दिवस लागतील आणि पाण्यातल्या बारीकशा हालचालीही त्याला मध्येच पुन्हा वर ढकलतील. पावसाळ्यातल्या पाण्याचा रंग याच बारीक कणांमुळे असतो. म्हणून दोन तासांनी बादलीच्या तळाला वाळूचा थर जमतो, पण वरचे पाणी दुधाळ-तांबूसच राहते. या वेळापर्यंत बसेल तेवढा गाळ बसून गेलेला असतो. पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे, म्हणजे पुढे तुरटी कमी लागते.

हे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होत नाहीत, कारण चिकणमातीच्या प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो आणि सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. तुरटी नेमके हेच बिघडवते. तिच्यातील ॲल्युमिनियमचा धन भार कणांवरचा ऋण भार निष्प्रभ करतो. त्याचबरोबर ॲल्युमिनियम पाण्यातील क्षारतेशी संयोग पावून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट, पांढरा कीस तयार करते. हा कीस खाली बसताना वाटेतली माती, शेवाळ आणि बऱ्याच जंतूंनाही आपल्यासोबत ओढून नेतो. ढवळलेल्या पाण्यात काही मिनिटांतच पिंजलेल्या कापसासारखे पुंजके दिसू लागले, की काम सुरू झाले.

घरोघरी तुरटीचा खडा पाण्यात चार-पाच वेळा फिरवायची पद्धत आहे. त्यात दोष असा की किती तुरटी विरघळली ते कळत नाही. नवा खरखरीत खडा भराभर विरघळतो, झिजून गुळगुळीत झालेला कमी विरघळतो. कमी पडली तर कण जुळत नाहीत, जास्त झाली तर पाणी तुरट लागते आणि ॲल्युमिनियमचा काही अंश त्यात विरघळलेलाच राहतो. त्यापेक्षा तुरटीचे द्रावण करून मापाने घालणे सोपे आणि खात्रीचे. खडा कुटून १० ग्रॅम पूड घ्यावी. स्वयंपाकघरातला काटा इतके बारीक वजन दाखवत नसेल तर दुकानातूनच तेवढी पुडी बांधून घ्यावी. ही पूड एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावी. या द्रावणाच्या एका चहाच्या चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, ५० मिलिग्रॅम तुरटी असते. एक लिटर गढूळ पाण्याला एक चमचा घातला की मात्रा लिटरला ५० मिलिग्रॅम झाली. बाटलीवर नाव लिहून ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.

किती मात्रा लागेल हे पाण्यावर ठरते आणि तेच पाणी आठवड्याने वेगळे असू शकते. शुद्धीकरण केंद्रात त्यासाठी काचेच्या भांड्यांत एकाच वेळी निरनिराळ्या मात्रा घालून चाचणी करतात. तीच चाचणी घरात चार पारदर्शक बाटल्यांत होते. समजा, सिंहगड रस्त्यावरच्या एका इमारतीत टँकरचे पाणी आले आणि बाटलीतून मथळा वाचता येईना. चार बाटल्यांत प्रत्येकी एक लिटर पाणी घ्यायचे आणि अनुक्रमे अर्धा, एक, दीड आणि तीन चमचे द्रावण घालायचे. प्रत्येक बाटली सुमारे एक मिनिट जोरात हलवायची, म्हणजे तुरटी सगळीकडे एकसारखी पोहोचते. मग पाच ते दहा मिनिटे अगदी हळू, चमच्याने नुसते फिरवत राहायचे. ही सावकाश ढवळण्याची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि तिथेच काम बिघडते. कणांनी एकमेकांना भेटायला थोडी हालचाल लागते, पण जोर झाला तर तयार झालेले पुंजके फुटतात. त्यानंतर बाटल्या अर्धा ते एक तास न हलवता ठेवायच्या.

अशा चाचणीत बहुधा असे दिसते: अर्ध्या चमच्याच्या बाटलीत पाणी धूसरच राहते, एक चमच्याच्या बाटलीत पुंजके तळाला जाऊन वरचे पाणी निवळते, दीड चमच्याचीही तशीच आणि तीन चमच्यांची त्याहून चांगली काही नसते. मग निवड एक चमच्याची, म्हणजे ज्या कमीत कमी मात्रेने पाणी निवळले तिची. २० लिटरच्या बादलीला २० चमचे, म्हणजे १०० मिलिलिटर द्रावण लागेल आणि त्यात फक्त एक ग्रॅम तुरटी असेल. बादलीतही आधी जोराने, मग संथ ढवळावे, झाकण ठेवून दोन तास सोडावे. बादली स्टीलची किंवा प्लास्टिकची असावी, कारण तुरटीचे पाणी किंचित आम्ल असते आणि तांब्या-पितळेला लागते.

कोणत्याही बाटलीत पुंजके धरले नाहीत तर आणखी तुरटी घालत जाणे हा उपाय नव्हे. तुरटीचा कीस तयार व्हायला पाण्यात क्षारता लागते आणि ती प्रत्येक मात्रेगणिक खर्ची पडते. छपरावरून पन्हळीने गोळा केलेल्या पावसाच्या पाण्यात क्षारता जवळपास नसतेच. अशा पाण्यात तुरटी घातल्यावर ते नुसते आंबट होते, निवळत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा आधी विरघळवून पुन्हा एका बाटलीवर प्रयोग केला, की फरक दिसतो. पाण्याची आम्लता साधारण ६ ते ८ पीएचच्या दरम्यान असताना तुरटी नीट काम करते. त्या पट्ट्याच्या बाहेर गेले की ॲल्युमिनियम विरघळलेले राहते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात त्याची कमाल सूट लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. पाणी गार असले तरी पुंजके धरायला वेळ लागतो, तेव्हा तुरटी वाढवण्यापेक्षा थोडा जास्त वेळ द्यावा.

तुरटी कोणती घेतली यालाही महत्त्व आहे. बाजारातले खडे दोन प्रकारचे असू शकतात: पोटॅश तुरटी आणि अमोनियम तुरटी. दिसायला दोन्ही सारखीच आणि पाणी दोन्हींनी निवळते. पण अमोनियम तुरटीतून पाण्यात अमोनिया उतरतो आणि नंतर घातलेले क्लोरिन त्याच्याशी संयोग पावून क्लोरामाइन बनते. क्लोरामाइन जंतूंना मारते, पण मोकळ्या क्लोरिनपेक्षा फार सावकाश, त्यामुळे अर्ध्या तासाचा नेहमीचा हिशेब चुकतो. लिटरला ५० मिलिग्रॅम अमोनियम तुरटी घातली तर घरगुती औषधाचे सगळे मोकळे क्लोरिन अडकून पडेल इतका अमोनिया तयार होतो. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. तुरटीची पूड पानाच्या ओल्या चुन्यात कालवावी आणि हाताने हवा नाकाकडे आणत हुंगावे. झोंबणारा अमोनियाचा वास आला तर ती तुरटी क्लोरिनच्या पाण्याला वापरू नये. पाणी उकळायचेच असेल तर चालेल. दाढीनंतर लावण्यासाठी विकले जाणारे सुगंधी खडे पाण्याला कधीच वापरू नयेत.

निवळलेले पाणी वरून काढून घ्यायचे. नळी लावून किंवा ओगराळ्याने सावकाश घ्यावे आणि तळाचे चार बोटे पाणी गाळासह सोडून द्यावे. बादली एकदम वाकडी केली की हलके पुंजके पुन्हा उठतात आणि दोन तासांचे काम वाया जाते. हे वरचे पाणी मग फडक्यातून गाळतात. फडक्याचे इथले काम आहे तरंगत राहिलेले पुंजके अडवण्याचे. तुरटी घालण्याआधीही एकदा गाळावे, म्हणजे काडीकचरा आणि पाण्यातले किडे वेगळे होतात.

फडक्याने काय अडते आणि काय नाही, याचे दोन पक्के अनुभव आहेत. पहिला नारूचा. नारूचे जंत पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जीवात वाढतात आणि ते पाणी प्यायल्यावर माणसात शिरतात. महाराष्ट्रातही या रोगाचा त्रास होता. सायक्लॉप्स दाट कापडातून जात नाही, त्यामुळे पाणी गाळून पिणे हे नारूविरुद्धच्या मोहिमेचे मुख्य हत्यार ठरले. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. दुसरा अनुभव बांगलादेशातला. रीटा कोलवेल आणि अन्वर हक यांच्या गटाने मतलब भागातील खेड्यांत वापरून मऊ झालेल्या सुती साडीची चार पदरी घडी करून पाणी गाळायला शिकवले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटले. पटकीचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून असतात आणि ते प्राणी घडीत अडकतात. जुनी साडी नव्यापेक्षा चांगली ठरली, कारण धुऊन धुऊन सुताचे तंतू सुटतात आणि विणीतली भोके लहान होतात.

पण निम्मी घट म्हणजे निम्मे रुग्ण उरलेच. चार पदरी घडीची भोके सुमारे २० मायक्रॉनची असतात आणि मोकळा सुटलेला जंतू एक-दोन मायक्रॉनचा. तो सरळ आरपार जातो, विषाणू तर त्याहून कितीतरी लहान. म्हणून फडके हा निर्जंतुकीकरणाचा पर्याय होत नाही. गाळून झाल्यावर तेच फडके दूषित झालेले असते. दर वेळी गाळण्याची तीच बाजू वर ठेवावी, वापरानंतर साबणाने धुवावे आणि कडक उन्हात वाळवावे. पावसाळ्यात ऊन नसेल तर उकळत्या पाण्यात बुडवून काढावे. ओलसर राहिलेले फडके दुसऱ्या दिवशीच्या पाण्यात जंतू सोडते.

पाणी स्वच्छ दिसू लागले म्हणजे ते पिण्याजोगे झाले, हा समज धोक्याचा आहे. तुरटीने जंतूंची संख्या बरीच घटते, पण रोग व्हायला पुरतील एवढे उरू शकतात. उलट बाजूने पाहिले तर निर्जंतुकीकरणाआधीची पायरी वगळणेही तेवढेच घातक. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. नांदेडच्या ज्या विहिरीतून आसपासच्या गावांना पाणी जात होते, तिथे शुद्धीकरण केंद्र नव्हते. गाळण नव्हती, पाण्यात फक्त क्लोरिन मिसळले जात होते. महापालिकेने तेव्हा नागरिकांना पाणी उकळून पिण्यास सांगितले.

उकळणे हाच शेवटच्या पायरीचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. गाळून घेतलेले पाणी खदखदून उकळू लागल्यावर किमान एक मिनिट तसेच ठेवले की जीवाणू, विषाणू आणि क्लोरिनला न जुमानणारा क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवीही मरतो. उकळताना गढूळपणाचा तेवढा अडथळा नसतो, पण गाळ भांड्यात आणि चवीत उरतो, म्हणून निवळणे तिथेही सोयीचे. गॅस पुरत नसेल तर आरोग्य केंद्रातून मिळणारे क्लोरिनचे थेंब किंवा गोळ्या वापराव्यात. मात्रा बाटलीवर किंवा पाकिटावर दिलेली असते आणि ती पाण्याच्या लिटरवर मोजायची असते. मेडिक्लोरसारखे थेंब आणि ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर यांची ताकद वेगळी असते, त्यामुळे एकाचे माप दुसऱ्याला लावू नये. टीसीएलचा डबा उघडा राहिला तर तिच्यातील क्लोरिन उडून जाते, म्हणून विहिरीसाठी ठेवलेली जुनी पावडर घरच्या पिंपात अंदाजाने टाकणे अयोग्य.

औषध तुरटीसोबत एकदम घालू नये. पाणी निवळून, गाळून झाल्यावरच घालावे, ढवळावे आणि अर्धा तास झाकून ठेवावे. त्यानंतर पाण्याला क्लोरिनचा मंद वास यायला हवा. वास येत नसेल तर औषध सगळे खर्ची पडले असे समजून तेवढीच मात्रा पुन्हा घालावी आणि आणखी अर्धा तास थांबावे. दुसऱ्यांदाही वास नसेल तर पाणी अजून पुरेसे निवळलेले नाही किंवा औषध शिळे आहे, आणि तेव्हा ते उकळणेच बरे.

या साऱ्या पायऱ्यांनी जे जात नाही तेही माहीत असावे. मीठ, नायट्रेट, कीटकनाशके, कारखान्याच्या सांडपाण्यातील रसायने पाण्यात विरघळलेली असतात. तुरटी त्यांना ओढत नाही आणि उकळल्यावर त्यातली काही अधिक घट्ट होतात. पाण्याला रॉकेलचा, औषधाचा किंवा रंगाचा वास असेल, तर ते पाणी निवळून प्यायच्या भानगडीत पडू नये. दुसरे पाणी मिळवावे.

निवळलेले पाणी अरुंद तोंडाच्या, झाकणाच्या भांड्यात ठेवावे आणि तोटीने किंवा लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे, हात बुडवू नये. बादलीच्या तळाला राहिलेल्या गाळात पाण्यातले जंतू एकवटलेले असतात. तो मोरीतून वाहत ठेवण्यापेक्षा विहिरीपासून आणि भाजीच्या वाफ्यांपासून दूर मातीत ओतावा आणि बादली घासून साबणाने हात धुवावेत.